स्वयंपाकघरातल्या वस्तूंची मराठी–इंग्रजी शब्दसूची

ही सूची आमच्या रविवारच्या स्वयंपाकवर्गात शिकवणाऱ्या काकूंसाठी आहे. वर्गातल्या निम्म्या मुलामुलींना मराठी कळते पण बोलता येत नाही, उरलेल्यांना कळतही नाही. शिकवताना हातातल्या वस्तूचे इंग्रजी नाव तोंडाने सांगावे लागते, म्हणून इंग्रजी शब्दही उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहिले आहेत.

गेल्या पावसाळ्यात थालिपिठाच्या तासाला मी सगळ्यांना "स्पॅच्युला घ्या" असे सांगितले. एका मुलीने केकचे पीठ भांड्याच्या कडेने निपटायची रबरी पट्टी उचलली. थालीपीठ तव्याला धरलेले, पट्टी खाली शिरेना, मधेच वाकली आणि थालिपिठाचे दोन तुकडे झाले. तिची काहीच चूक नव्हती. इंग्रजीत स्पॅच्युला त्या पट्टीलाही म्हणतात. शब्द मी चुकीचा दिला होता.

त्या दिवसापासून प्रत्येक वस्तूला आधी विचारायचे, तू करतेस काय? दिसतेस कशी, हे नंतर. म्हणून नोंदी वर्णक्रमाने न लावता कामाप्रमाणे लावल्या आहेत. जिथे इंग्रजीत नेमका शब्द आहे तिथे तो दिला आहे. जिथे नाही तिथे मराठी शब्दच ठेवला आहे आणि वस्तू ओळखू येईल एवढे वर्णन जोडले आहे. लिंग पुं., स्त्री., न. असे दाखवले आहे, कारण मुले "तो विळी" म्हणतात आणि ते वेळीच सुधारलेले बरे.

उलटणे, तळणे, वाढणे

उलथणे (न.) – टर्नर. उलथणे हे क्रियापद आणि त्यावरूनच वस्तूचे नाव. इंग्रजीतही टर्न वरून टर्नर. दोन्ही भाषांनी एकाच रीतीने नाव ठेवले आहे, म्हणून हाच शब्द वापरावा. ब्रिटनमध्ये वाढलेली मुले याला फिश स्लाइस म्हणतात. मासे नसले तरी गोंधळू नये. काही घरांत कलथा म्हणतात, तोही बरोबर. स्पॅच्युला म्हणायचेच असेल तर आधी मेटल जोडावे.

झारा (पुं.) – स्किमर. तेलातून पुरी, वडा काढायचा चपटा, भोकाभोकांचा. स्लॉटेड स्पून म्हटले तरी समजते, पण त्याला लांबट चिरा असतात आणि तो चमच्यासारखा खोलगट असतो. पुरी त्यावर नीट बसत नाही. बुंदीचा झारा निराळा: तो काढण्यासाठी नसून पाडण्यासाठी असतो. त्याला स्किमर म्हणू नये, बुंदीचा झारा असेच म्हणून दाखवावा.

डाव (पुं.) – लेडल. आमटी, भात वाढायचा.

पळी (स्त्री.) – लहान लेडल. फोडणीची पळी मात्र लेडल नव्हे, तिच्यात शिजवतात. तिला टेम्परिंग पॅन म्हणतात. "पळीवाढे पिठले" समजावताना पातळपणा सांगावा: पळीने वाढता येईल इतपत, पण पाण्यासारखे नव्हे. आणि पळी-पंचपात्रातली पळी या सूचीत येत नाही, ती देवघरातली.

ओगराळे (न.) – डिपर. उभ्या दांड्याचे खोल भांडे. पंगतीत कढी, सार वाढायला. लेडलचा दांडा तिरका असतो, याचा सरळ वर जातो, म्हणून खोल पातेल्याच्या तळापर्यंत पोचते. काही जण वगराळे म्हणतात.

चिमटा (पुं.) – टाँग्ज. इंग्रजीत नेहमी अनेकवचनी; "अ टाँग" असे कोणी म्हणत नाही.

सांडशी (स्त्री.) – पॉट ग्रिपर. चिमटा फुलका धरतो, सांडशी भांड्याची कड धरते. दोघींना टाँग्ज म्हटले की कोणी तरी चिमट्याने उकळत्या दुधाचे पातेले उचलायला जाते. इथे शब्दाची चूक अंगावर येऊ शकते, म्हणून ही नोंद पहिल्याच तासाला वाचून दाखवावी.

वाटणे, कुटणे, दळणे

इंग्रजीत या सगळ्याला सर्रास ग्राइंड म्हणतात आणि इथेच आपली सगळ्यात जास्त पंचाईत होते. कुटणे म्हणजे पाउंड. वाटणे म्हणजे ग्राइंड टु अ पेस्ट, पाण्याचा शिपका देऊन. दळणे म्हणजे मिल. भरडणे म्हणजे कोर्सली ग्राइंड. नुसते ग्राइंड सांगितले तर शिकणारा शेंगदाण्याचे कूट करायचे सोडून तेल सुटेपर्यंत फिरवत बसतो.

खलबत्ता (पुं.) – मॉर्टर अँड पेसल. खल म्हणजे मॉर्टर, बत्ता म्हणजे पेसल. क्रम दोन्ही भाषांत एकच. पेसलमधला ट लिहितात, पण बहुधा उच्चारत नाहीत.

उखळ (न.) आणि मुसळ (न.) – कोशात यालाही मॉर्टर अँड पेसल सापडेल. चूक नाही, पण एवढ्याने भागत नाही. खलबत्त्यात वेलची कुटतात, उखळात धान्य कांडतात. लार्ज फ्लोअर मॉर्टर म्हणावे आणि मुसळ पुरुषभर उंचीचेही असते, हे हाताने दाखवावे.

पाटा-वरवंटा (पुं.) – ग्राइंडिंग स्लॅब अँड मलर. वरवंट्याला स्टोन रोलर म्हणावे असे बऱ्याच जणींचे मत पडले. मी ते घेतले नाही. वरवंटा लाटण्यासारखा गोल फिरत नाही. दोन्ही हातांनी धरून, वजन टाकून पुढे-मागे ओढतात. रोलर ऐकले की मुले तो फिरवायला बघतात आणि मिरची चिरडते, वाटली जात नाही. रंग तयार करणारे चित्रकार सपाट दगडावर किंवा काचेवर रंगाची भुकटी ज्या गोट्याने घोटतात त्याला मलर म्हणतात. क्रिया तीच. शब्द अनोळखी आहे, पण एकदा दाखवला की लक्षात राहतो.

जाते (न.) – रोटरी क्वर्न किंवा हँड मिल. वर्गात हँड मिल पुरे. खुंटा म्हणजे हँडल. "सुपातले हसतात, जात्यातले रडतात" ही म्हण सांगायची असेल तर आधी पुढची सुपाची नोंद सांगावी, नाही तर म्हण अर्धी राहते.

पुरणयंत्र (न.) – फूड मिल. हे सापडले तेव्हा मला फार आनंद झाला. वर दांडा, खाली भोकांची चकती, फिरवले की शिजलेला पदार्थ चकतीतून खाली: परदेशी स्वयंपाकघरात टोमॅटो, सफरचंदाचा गर काढायला हेच वापरतात. कित्येकांच्या घरी ते आधीपासून असते. त्यामुळे "पुरण मशीन" असे काही तरी जुळवायची गरज नाही.

चिरणे, किसणे, खवणे

विळी (स्त्री.) – इंग्रजीत शब्द नाही. विळीच म्हणावे. नाइफ म्हणू नये, सिकल तर नाहीच. सिकल म्हणजे गवत कापायचा विळा. सांगायचे वाक्य असे: "अ ब्लेड फिक्स्ड टु अ बोर्ड. यू होल्ड द बोर्ड डाउन विथ युअर फूट." पाटावर पाय ठेवून बसून दाखवले की पुढचे आपोआप कळते. महत्त्वाचा फरक असा की सुरी वापरताना भाजी थांबते आणि पाते चालते. विळीवर पाते थांबते आणि भाजी चालते. म्हणून "कट" म्हणण्याआधी "पुश द व्हेजिटेबल इन्टु द ब्लेड" म्हणावे, बोटे मागे ठेवून. कोकणात मोरळी हा शब्दही ऐकू येईल.

खवणी (स्त्री.) – कोकोनट स्क्रेपर. बऱ्याच विळ्यांच्या टोकाला असते. नारळ खवतात, गाजर किसतात. क्रिया वेगळ्या, वस्तूही वेगळ्या.

किसणी (स्त्री.) – ग्रेटर. अर्धी वाटी नारळ हातात घेऊन ग्रेटर सांगितले तर मुले करवंटीतून खोबरे सोडवायच्या मागे लागतात. खवणीला करवंटी काढावीच लागत नाही.

सोलाणे (न.) – पीलर.

चाळणे, गाळणे, पाखडणे

चाळणी (स्त्री.) – सिव्ह. उच्चार ऱ्हस्व, "सीव्ह" नव्हे. कोरडे पीठ, रवा चाळायला.

गाळणे (न.) – स्ट्रेनर. चहा, ताक, चिंचेचा कोळ यांना. चाळतो ते कोरडे, गाळतो ते ओले, हा भेद मराठीने फार चोख ठेवला आहे. इंग्रजीत सिव्ह ओल्यालाही चालतो, म्हणून आपल्याकडून तरी शब्द पक्के जावेत.

रोवळी (स्त्री.) – कॉलंडर. तांदूळ धुऊन निथळत ठेवायची. कॉलंडरची भोके कधी कधी मोठी असतात, तांदूळ गळतो; फाइन कॉलंडर म्हणावे.

सूप (न.) – विनोइंग ट्रे. नुसते "सूप" म्हटले तर टोमॅटोचे आठवेल, तेव्हा हा एकच शब्द इंग्रजीतून आधी सांगावा, मराठी नाव मागून.

लाटणे, मळणे, घुसळणे

पोळपाट (पुं.) – रोलिंग बोर्ड. लाटणे (न.) – रोलिंग पिन. परदेशी स्वयंपाकघरातल्या बऱ्याच पिना जाड असतात, त्यांच्या मुठी वेगळ्या फिरतात. पोळी लाटायला आपले बारीक, निमुळत्या टोकांचे लाटणेच बरे.

परात (स्त्री.) – नीडिंग ट्रे. के लिहितात, उच्चारत नाहीत. प्लॅटर म्हणू नये, प्लॅटरमध्ये वाढतात.

रवी (स्त्री.) – चर्निंग स्टिक. व्हिस्क हा शब्द फार जवळचा वाटतो, कारण दोन्ही फिरवतात. पण व्हिस्कने फेटतात, हवा भरतात. रवीने घुसळतात, लोणी वर आणतात. एका तासाला व्हिस्क म्हटले गेले, आणि मुलाने थंड साय एका दिशेने भराभर फेटली. दहा मिनिटांनी भांड्यात पांढरा फुगलेला फेस होता. मग मी दोन तळव्यांत रवी धरून आलटून-पालटून फिरवून दाखवली, थोडे गार पाणी घातले, आणि हळूहळू कडेला पिवळे कण धरू लागले. तो फेस आणि हे कण, यांतला फरकच या नोंदीचा अर्थ आहे. चर्न असेही एकटे म्हणू नये. चर्न म्हणजे घुसळायचे भांडे.

शिजवायची भांडी

तवा (पुं.) – ग्रिडल. बिडाचा तवा म्हणजे कास्ट आयर्न ग्रिडल. बीड आणि साधे लोखंड एक नव्हे. बीड आपटले तर फुटते.

कढई (स्त्री.) – कढईच. वोक म्हणू नये. ते चिनी भांडे, त्याचे काम आणि धरण्याची रीत वेगळी.

पातेले (न.) – पॉट. मुंबई-कोकणात टोप, विदर्भात गंज. तीन शब्द, भांडे तेच. जो आपल्या तोंडी असेल तो सांगावा.

मोदकपात्र (न.) – स्टीमर.

मिसळणाचा डबा (पुं.) – स्पाइस बॉक्स.

फसवे शब्द

हे इंग्रजीतूनच आपल्याकडे आले, पण इथे येऊन अर्थ बदलून बसले. म्हणून जास्त सांभाळावे.

कुकर – आपला कुकर म्हणजे प्रेशर कुकर. ब्रिटनमध्ये कुकर म्हणजे अख्खी शेगडी, ओव्हनसकट. "भात कुकरमध्ये ठेवा" ऐकून तिथले मूल ओव्हन उघडेल. पूर्ण नाव घ्यावे.

मिक्सर – आपण चटणी वाटतो तो. इंग्रजीत मिक्सर पीठ फेटतो. आपल्यासाठी ग्राइंडर किंवा ब्लेंडर म्हणावे. ओल्या वाटणाला ब्लेंडर, कोरड्या मसाल्याला ग्राइंडर.

डिश – आपल्याकडे ताटली. इंग्रजीत बहुधा पदार्थ. ताटलीसाठी प्लेट.

भांडे – हा मराठीच शब्द, पण शिकणाऱ्यांना सगळ्यात जास्त फसवतो. भांडी घासायची म्हणजे सगळी. तिथे युटेन्सिल्स किंवा डिशेस. तांब्या-भांड्यातले भांडे म्हणजे टम्ब्लर. मिक्सरचे भांडे म्हणजे जार. दुधाचे भांडे म्हणजे पॉट. वर्गात "भांडे घ्या" असे मोघम सांगू नये. कोणते, ते नाव घेऊन सांगावे, आणि शक्य असेल तर आधी उचलून दाखवावे.