आचारसंहिता, प्रकरण 5: हितसंबंध, भेटवस्तू आणि बाहेरचे काम

(1 एप्रिल 2025 पासून लागू. चाकणचा कारखाना आणि भोसरीचे गोदाम)

5.1 कोणाला लागू

कायम कामगार, प्रोबेशनवरचे, ट्रेनी, ऑफिसातले कर्मचारी, मॅनेजर आणि संचालक, सगळ्यांना. कंत्राटदाराच्या पगारावर इथे काम करणाऱ्यांना 5.2 ते 5.9 लागू आहे. संचालकांना कंपनी कायदा, 2013 च्या कलम 184 प्रमाणे आपले हितसंबंध बोर्डाला कळवावे लागतात. ते काम या प्रकरणामुळे चुकत नाही.

5.2 हितसंबंध कधी आड येतो

कंपनीचे काम करताना त्यात तुमचा किंवा तुमच्या माणसाचा पैसा, धंदा किंवा नोकरी गुंतलेली असेल, तेव्हा. प्रत्यक्ष फायदा झाला की नाही, हा नंतरचा प्रश्न. निर्णय फक्त सही करणाराच घेतो असेही नाही. कोटेशन मागवणे, नमुना पास करणे, काट्यावर वजन घेणे, बिल तपासणे, ओव्हरटाइमची यादी करणे, हे सगळे निर्णयच आहेत.

'तुमचा माणूस' म्हणजे पती किंवा पत्नी, मुले, आईवडील, भावंडे आणि त्यांचे जोडीदार, सासरची हीच नाती, साडू, आणि चुलत, मामे, आते, मावस भावंडे. कायद्यातली नातेवाइकांची यादी याहून आखूड आहे. आपण ती मुद्दाम लांबवली आहे, कारण धंद्यात भागीदार म्हणून बहुतेक वेळा मेहुणा किंवा साडूच असतो. ज्याच्याकडून तुम्ही हातउसने घेतले आहेत, ज्याच्या भिशीत तुम्ही आहात किंवा ज्याच्या घरात तुम्ही भाड्याने राहता, असा पुरवठादारही यात धरायचा.

5.3 नातेवाईक पुरवठादार असेल तर

नातेवाइकाने कंपनीला माल देऊ नये, असा नियम नाही. तुम्ही त्या व्यवहारात असू नये, असा आहे.

समजा, पर्चेसमधल्या एकाच्या साडूचे भोसरीत सीएनसी जॉबवर्कचे शॉप आहे आणि आपल्याला बुशचे काम बाहेर द्यायचे आहे. पर्चेसवाल्याने कोटेशन मागवण्याआधी हितसंबंध कळवायचा नमुना 5-अ भरून द्यायचा. मग ती फाइल पर्चेस प्रमुख दुसऱ्या माणसाकडे देतात, किमान तीन बंद पाकिटांतली कोटेशन मागवली जातात आणि पहिल्या लॉटची तपासणी त्या पर्चेसवाल्याच्या हाताखाली नसलेला इन्स्पेक्टर करतो. साडूचा दर खरोखर कमी आला, तर काम त्यालाच मिळेल.

गडबड बहुतेक वेळा दोन जागी होते. एक, दुसऱ्यांचे दर फोनवर सांगितले जातात आणि 'आपला' दर दोन रुपयांनी खाली येतो. दुसरी, ऑर्डर तोडली जाते. 50,000 रुपयांवरच्या ऑर्डरला प्लांट हेडची सही लागते, म्हणून एका आठवड्यात 48,000 च्या तीन ऑर्डर निघतात. त्यामुळे एकाच पुरवठादाराला एकाच पार्टसाठी 30 दिवसांत दिलेल्या सगळ्या ऑर्डर एक धरल्या जातील. अकाउंट्स विभाग दर तिमाहीला पुरवठादारांचे बँक खाते, पत्ता आणि मोबाइल नंबर कर्मचाऱ्यांच्या नोंदींशी ताडून पाहतो.

5.4 भंगार

भंगार विकत घ्यायला कर्मचारी आणि 5.2 मधली नाती यांना पूर्ण बंदी आहे. इथे कळवून परवानगी मिळणार नाही.

याचे कारण काट्यावर उभे राहिले की कळते. अॅल्युमिनियमचे तुकडे ट्रॉलीच्या तळाशी आणि वर लोखंडी चिप्स, अशी गाडी भरली की ती लोखंडाच्या भावाने बाहेर पडते. वजन बरोबर असते, पावतीही बरोबर असते. चोरी भावात असते. ओल्या चिप्सचे तेच: 'कूलंट आहे' म्हणून अंदाजाने किलो कापले जातात आणि तो अंदाज कोणाचा, हे कुठेच लिहिलेले नसते. म्हणून चिप्स जाळीवर 24 तास निथळल्याशिवाय गाडी भरायची नाही, ओलाव्यासाठी वजन कापायचे नाही. धातूप्रमाणे वेगळ्या गाड्या किंवा वेगळी वजने घ्यायची. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वजन स्टोअर्स आणि अकाउंट्स या दोघांसमोर होईल आणि दोघांच्या सह्या त्याच स्लिपवर असतील.

5.5 भरती आणि हाताखालची माणसे

नातेवाइकाने अर्ज जरूर करावा. तुम्ही त्याच्या मुलाखतीला बसायचे नाही, शब्द टाकायचा नाही. नातेवाईक एकमेकांच्या हाताखाली राहणार नाहीत. नोकरी लागल्यावर लग्न झाले, तर 60 दिवसांत एकाची लाइन किंवा शिफ्ट बदलली जाईल. कोणाची, ते दोघांना विचारून.

5.6 कळवायचे कसे

नमुना 5-अ एक पानाचा आहे. एचआरच्या खिडकीवर मिळतो. नाते काय, व्यवहार कोणता आणि त्यात तुमचे काम काय, एवढे तीन प्रश्न. संबंध लक्षात आल्यापासून 7 दिवसांत द्यायचा आणि पोच घ्यायची. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. खिडकीवरचा माणूस लिहून, वाचून दाखवून सही किंवा अंगठा घेईल. 5 कामाच्या दिवसांत लेखी उत्तर मिळेल. तोवर त्या फाइलला हात लावायचा नाही.

नमुना भरणे म्हणजे गुन्ह्याची कबुली नव्हे. तो भरला म्हणून कोणाची बढती अडवली जाणार नाही. तो एचआर प्रमुख आणि अनुपालन अधिकारी यांच्याकडेच राहतो. सुपरवायझरला फक्त 'हे काम दुसऱ्याला द्या' एवढेच कळते.

5.7 भेटवस्तू घेणे

पुरवठादार, कंत्राटदार, वाहतूकदार किंवा ग्राहक यांच्याकडून 500 रुपयांपर्यंतची वस्तू घेता येईल, आणि एकाच देणाऱ्याकडून वर्षभरात सगळे मिळून 1,500 रुपयांपर्यंत. कॅलेंडर, डायरी, पेन यात बसते. मिठाईचा पुडा विभागात सगळ्यांसमोर उघडायचा. तो घरी नेण्यासाठी नाही.

रोख रक्कम, यूपीआय, गिफ्ट कार्ड, सोन्याचांदीचे नाणे, दारू, मोबाइल रिचार्ज, प्रवास आणि हॉटेलातला मुक्काम यांना पूर्ण बंदी आहे. दहा रुपयांचेही चालणार नाही. ज्याचे कोटेशन उघडायचे आहे, टूलची ट्रायल सुरू आहे, ऑडिट ठरले आहे किंवा बिलावर वाद आहे, त्याच्याकडून डायरीसुद्धा घ्यायची नाही. कार्बाइड इन्सर्टच्या ट्रायलमध्ये हे नेमके चुकते: ऑपरेटरने लिहिलेला 'एका कडेवर किती नग' हाच आकडा खरेदी ठरवतो, आणि त्याच दिवशी पुरवठादाराचा इंजिनिअर ऑपरेटरला टी-शर्ट देऊन जातो. टी-शर्ट 300 रुपयांचा असला तरी परत करायचा.

पुरवठादार कामासाठी आला असताना साधे जेवण चालेल, माणशी 400 रुपयांपर्यंत. शक्यतो आपल्याच कॅन्टीनमध्ये जेवा.

5.8 घरी आलेला पुडा, आहेर आणि वर्गणी

दिवाळीत वस्तू बहुधा घरी पोचते, आणि ती घेते आई किंवा मुले. त्यात तुमचा दोष नाही. त्यानंतर काय केले, ते पाहिले जाईल. फोटो काढा, 3 कामाच्या दिवसांत गेटवरच्या भेट रजिस्टरमध्ये तारीख, देणारा, वस्तू आणि अंदाजे किंमत लिहा आणि वस्तू स्टोअर्सला द्या. स्टोअर्स ती कंपनीच्या पत्रासोबत परत पाठवेल. टिकणारी नसेल तर कॅन्टीनला जाईल. किंमत माहीत नसेल तर दुकानात अशी वस्तू केवढ्याला मिळते, ते लिहा.

घरच्या लग्नाला पुरवठादाराला बोलावायला हरकत नाही. मात्र पर्चेसच्या यादीवरून सरसकट पत्रिका वाटायच्या नाहीत. आहेराचे पाकीट आले तर लग्नानंतर 7 दिवसांत परत करा. मांडवात सगळ्यांसमोर परत करणे अवघड असते, म्हणूनच ही मुदत आहे. वस्तूंना 5.7 ची मर्यादा लागू.

गणेशोत्सव, जयंती, क्रिकेट स्पर्धा यांसाठी पुरवठादाराकडे वर्गणी मागायची नाही. पावती मंडळाची असली तरी नाही. 'त्याने आपण होऊन दिली' हे उत्तर ग्राह्य धरले जाणार नाही, कारण पुढचे बिल कोण पास करणार, हे देणाऱ्याला माहीत असते.

5.9 आपण देणे

ग्राहकांना मार्केटिंग विभागाच्या यादीतलीच भेट द्यायची. सरकारी अधिकाऱ्याला प्यायला चहा किंवा पाणी सोडून काहीही नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 मध्ये 2018 साली बदल झाला. तेव्हापासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि 7 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कोणी जबरदस्तीने पैसे द्यायला लावले, तर 7 दिवसांत पोलिसांकडे किंवा तपास यंत्रणेकडे तक्रार करावी लागते, तरच कायद्याचे संरक्षण मिळते. म्हणून प्लांट हेडला त्याच दिवशी सांगा. एजंटमार्फत किंवा 'लायझनिंग चार्जेस'च्या बिलातून दिलेले पैसेही यातच मोजले जातात.

5.10 बाहेरचे काम: न विचारता चालणारे

घरची शेती, दूध, वडिलोपार्जित दुकानात सुटीच्या दिवशी बसणे, शेअर आणि म्युच्युअल फंडातली गुंतवणूक, सोसायटीची किंवा देवस्थानाची बिनपगारी कमिटी, भजन, तमाशा, लेखन. सुगीत रजा लागणार असेल तर नेहमीसारखा रजेचा अर्ज करा.

5.11 परवानगी घेऊन चालणारे

विम्याची एजन्सी, शिकवण्या, कॅब किंवा डिलिव्हरी, पैसे घेऊन केलेले व्हिडिओ, पतसंस्थेचे संचालकपद, ग्रामपंचायतीची निवडणूक. नमुना 5-ब द्या. 10 कामाच्या दिवसांत उत्तर मिळेल. परवानगी 31 मार्चपर्यंतच असते.

अटी अशा: आठवड्याला जास्तीत जास्त 12 तास, आणि बाहेरचे काम संपल्यापासून शिफ्ट सुरू होईपर्यंत किमान 10 तासांचे अंतर. दुसरी अट प्रेस शॉपमुळे आली आहे. रात्रभर गाडी चालवून सकाळी 6 ला पॉवर प्रेसवर उभे राहिलेल्या माणसाची डुलकी एका स्ट्रोकपेक्षा लांब असते. शिफ्टमध्ये पॉलिसी विकायची नाही, हाताखालच्या माणसाला तर कधीच नाही. त्याला नाही म्हणता येत नाही.

5.12 न चालणारे

ज्या दिवशी इथे काम केले, त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात काम. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा, 1948 चे कलम 60 हेच सांगत होते. स्पर्धक, पुरवठादार किंवा ग्राहक यांच्याकडे कोणतेही काम, सल्ला किंवा भागीदारी. ईएसआयचा आजारपणाचा लाभ घेत असलेल्या दिवशी कुठेही काम. कंपनीच्या लॅपटॉपवर दुसऱ्याचा सीएनसी प्रोग्रॅम लिहिणे, आपले गेज किंवा फिक्स्चर 'दोन दिवसांसाठी' बाहेर देणे. दुसऱ्या नोकरीचा पीएफ त्याच यूएएनवर दिसतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नोकरी सोडल्यावर कुठे जायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. तिथे जाण्यापासून आम्ही अडवणार नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे तसा करार टिकतही नाही. ड्रॉइंग, दरपत्रके आणि प्रोग्रॅम मात्र इथेच ठेवून जायचे, पेनड्राइव्हमधले आणि व्हॉट्सअॅपवरचेही.

5.13 नियम मोडला तर

स्थायी आदेशांप्रमाणे आरोपपत्र, लेखी खुलासा आणि चौकशी. चौकशीत सहकारी सोबत आणता येईल. उशिरा का होईना स्वतः कळवले, तर ते कामगाराच्या बाजूने धरले जाईल. दुसऱ्याबद्दलची तक्रार अनुपालन अधिकाऱ्याकडे किंवा कॅन्टीनबाहेरच्या कुलूपबंद पेटीत, नाव न लिहिता टाकता येते. पेटी दर सोमवारी दोन किल्ल्यांनी उघडते. एक किल्ली एचआरकडे, दुसरी कामगार प्रतिनिधीकडे. पेटीतल्या प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला जाईल आणि त्यावर काय केले, ते 30 दिवसांत त्या क्रमांकाखाली नोटीस बोर्डावर लागेल.