फोन चार्जिंगला, आपण वाचायला!

रील पंधरा सेकंदांत संपते. चांगली गोष्ट दिवा मालवल्यावरही डोक्यात चालूच राहते.

आठवी ते बारावीच्या दोस्तांनो,

स्क्रोल करताना पुढे काय दिसणार, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं. पुस्तकात कुठे थांबायचं, कुठलं पान पुन्हा वाचायचं, नायिकेचा चेहरा डोळ्यांपुढे कसा आणायचा, हे सगळं तुमच्या हातात! मधेच नोटिफिकेशन वाजत नाही, बॅटरी उतरत नाही.

आणि जाडजूड ग्रंथच हातात घ्या असं कोण म्हणतंय? रहस्यकथा घ्या, भुताच्या गोष्टी घ्या, एखाद्या क्रिकेटपटूचं चरित्र घ्या. वीस पानांत रंगलं नाही, तर खुशाल परत करा आणि दुसरं न्या. कुणी काही विचारणार नाही.

15 ऑक्टोबर, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे आपला वाचन प्रेरणा दिन. त्या दिवसापासून 14 नोव्हेंबरपर्यंत आपल्या वाचनालयात रोज संध्याकाळी 6 ते 7 वाचनाचा तास. दारातच खणांचं कपाट आहे. फोन खणात, किल्ली खिशात, आणि मग थेट कथांच्या मांडणीकडे!

शेवटच्या रविवारी सगळ्यांनी मिळून भिलारला जायचंय. पाचगणीजवळचं हे पुस्तकांचं गाव. तिथे लोकांनी स्वतःच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत. हवं ते उचलायचं आणि तिथेच बसून वाचायचं.

नावनोंदणी मोफत. शाळा-कॉलेजचं ओळखपत्र आणा, आणि वाचायचा कंटाळा करणाऱ्या एका तरी मित्राला ओढून आणा.