काजूगराच्या मालाबाबत: पाठवणी आणि पैशांचे टप्पे

वेंगुर्ले, 12 मे

मा. खरेदीदार महोदय, दुबई
स.न.वि.वि.

डब्ल्यू-320 काजूगर, 700 खोकी, प्रत्येकी 22.68 किलो, म्हणजे 15,876 किलो. दर एफओबी न्हावा शेवा आहे. माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च व जोखीम आमची. जहाजभाडे, विमा आणि जेबेल अलीचे शुल्क आपले. आपल्या मेलमधला ‘घरपोच’ हा शब्द या दरात बसत नाही.

30 टक्के आगाऊ मिळाल्यावरच पॅकिंग सुरू होईल. उरलेले 70 टक्के बिल ऑफ लेडिंगची प्रत मिळाल्यापासून 5 दिवसांत द्यावेत. मूळ कागद त्यानंतरच कुरिअर करू. आपल्या बाजूचे बँक शुल्क आपणच भरावे, नाहीतर रक्कम कमी जमा होते आणि कागद अडकतात. जूननंतर घाटात ट्रक रखडतात, त्यामुळे आगाऊ रक्कम 20 मेपर्यंत यावी.

आपला,
संचालक, काजू प्रक्रिया कारखाना