गेट रजिस्टर : दिवसाचा गोषवारा

फोंडा, मंगळवार, २६ ऑगस्ट २०२५ (उद्या चतुर्थी). एकूण नोंदी ४१.

सकाळी ६ ते ८ : ६. दूध, पेपर, कामवाल्या. पोदेराची नोंद एकच. भोंपू वाजला की लोकच पिशव्या घेऊन गेटवर येतात.

८ ते ११ : १३. माटोळीचं सामान ५ (अ-१०२, अ-३०४, ब-२०१, ब-२०३, क-१०१), गॅस ४, कुरियर ४. ब-२०१ चा सुपारीचा घड लिफ्टच्या दारात अडकला, दहा मिनिटं लिफ्ट बंद.

११ ते १ : ९, सगळी पार्सलं. त्यांतली ४ एकट्या अ-३०४ ची. घरी कोणी नव्हतं, केबिनमध्ये ठेवली. ३ नेली, १ अजून इथेच.

१ ते ४ : २. क-३०२ समोर कारण नुसतं ‘काम’, बाहेर जाण्याची वेळ कोरी. फोन करून विचारलं : प्लंबर, अडीचला गेला. असं लिहिलेलं चालणार नाही.

४ ते ८ : ९. पाहुणे ७, भटजी १ (ब-२०३), इलेक्ट्रिशियन १ (क-१०१). मुंबईच्या दोन गाड्या ब-२०३ कडे, मुक्काम रविवारपर्यंत. पार्किंग मागच्या बाजूला.

८ नंतर : २. जेवणाचे डबे, अ-१०२.