१ सप्टेंबरपासून किमान ऑर्डर २,००० रुपये. ५,००० रुपयांपासून माल पोच मोफत

सर्व किरकोळ स्टेशनरी दुकानदारांस,

सप्रेम नमस्कार.

१ सप्टेंबरपासून आपल्या दुकानावर माल पोचवण्यासाठी एका ऑर्डरची रक्कम किमान २,००० रुपये असावी लागेल. ऑर्डर ५,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल, तर माल मोफत पोच होईल. या दोन्हींच्या मधल्या ऑर्डरला, म्हणजे २,००० ते ४,९९९ रुपयांपर्यंत, दर फेरीला ८० रुपये वाहतूक खर्च बिलात वेगळा दाखवला जाईल.

आतापर्यंत दरपत्रकात ८०० रुपयांची किमान ऑर्डर छापलेली होती. ती कोणी फारशी पाळली नाही आणि आम्हीही कधी अडून बसलो नाही. चार पेनांचे डबे आणि एक वह्यांचा गठ्ठा घेऊन टेम्पो निघायचा. पण टेम्पोचं डिझेल, ड्रायव्हर आणि माल उतरवणारा माणूस धरून एका दुकानावर थांबण्याचा खर्च आम्हाला सुमारे १५० रुपये पडतो, मग बिल ८०० चं असो वा ८,००० चं. हजाराच्या बिलात आमच्या हाती ८० रुपये राहतात, म्हणजे त्या फेरीत ७० रुपये पदरचेच जातात. हा तोटा भरून काढायला सरसकट दर वाढवता आले असते. पण मग महिन्याला मोठी ऑर्डर देणाऱ्यांनाही त्याची झळ बसली असती, म्हणून तो मार्ग घेतला नाही. दरपत्रक आहे तेच राहील.

रक्कम कशी मोजायची, यावरून नंतर वाद नको म्हणून आत्ताच सांगतो. स्कीम आणि सवलत वजा झाल्यावरची, पण जीएसटी धरण्याआधीची रक्कम मोजली जाईल. वेगवेगळ्या मालाला वेगवेगळा कर लागतो. तो धरून बेरीज करायची तर दर वेळी कॅल्क्युलेटर घेऊन बसावं लागेल.

आपण ५,००० ची ऑर्डर दिली आणि आमच्याकडेच एखादा माल शिल्लक नसल्याने बिल ४,३०० चं झालं, तर वाहतूक खर्च लागणार नाही. राहिलेला माल पुढच्या फेरीत पोचेल, तोही मोफत. खराब किंवा चुकीचा आलेला माल बदलून देताना किमान रकमेची अट नाही.

आठवड्याला हजार-बाराशेचा माल घेणारे बरेच जण आहेत, आणि हा बदल खरा त्यांनाच जाणवेल. त्यांनी दोन आठवड्यांची ऑर्डर एकत्र दिली तर २,००० चा आकडा सहज होतो. शेजारच्या दुकानदाराबरोबर मिळून ऑर्डर दिली तरी चालेल. बिलं दोघांची वेगळी निघतील, रक्कम मात्र एकत्र धरली जाईल. अट एवढीच की ऑर्डर एकाच दिवशी यावी आणि माल एकाच ठिकाणी उतरवून घ्यावा. पुढची वाटणी आपसात करावी, त्यात आम्ही पडणार नाही.

खोका फोडून सुटा माल देणं पूर्वीप्रमाणेच चालू राहील. खोडरबर एक डबा आणि फाइली दोन डझन, अशी मिसळून ऑर्डर देता येईल. नुसता आकडा गाठायचा म्हणून न खपणारा माल भरू नका. तो आपल्याकडे धूळ खात पडला की आमचं येणंही अडकतं. सेल्समनने तसा आग्रह धरला, तर कार्यालयात नक्की सांगा.

घाईचा थोडाच माल हवा असेल तर गोडाऊनमधून स्वतः घेऊन जाता येईल. तिथे किमान रक्कम नाही, वाहतूक खर्चही नाही. सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत या, रविवारी गोडाऊन बंद असतं. निघण्याआधी तासभर फोन केलात तर माल काढून ठेवू, ताटकळावं लागणार नाही.

उधारीची २१ दिवसांची मुदत आणि आपल्या भागातला फेरीचा वार यांत काहीच बदल नाही. ३१ ऑगस्टच्या संध्याकाळी ६ पर्यंत नोंदवलेल्या ऑर्डरी जुन्याच पद्धतीने पोचतील, टेम्पो सप्टेंबरमध्ये आला तरी. सप्टेंबरमधल्या पहिल्या ऑर्डरला प्रत्येक दुकानाला एकदा सूट आहे: रक्कम २,००० पेक्षा कमी असली तरी माल पोचवू, वाहतूक खर्च मात्र ८० रुपये लागेल.

काही अडचण असेल तर बिलावरच्या नंबरवर फोन करा किंवा फेरीला येणाऱ्या सेल्समनकडे सांगा. दूरच्या रस्त्यावर एकट्याच असलेल्या, शेजारी दुसरं दुकान नसलेल्या दुकानदारांनी ३१ ऑगस्टपूर्वी जरूर बोलावं. त्यांच्यासाठी पंधरवड्याची ठरावीक फेरी लावता येते का, ते पाहत आहोत.

आपला,
विक्री व पोच विभाग प्रमुख