खांबांचा हिशेब

डिसेंबरातल्या त्या सकाळी ग्वाल्हेरच्या फलाटावरून गाडी हलली, तेव्हा दहा वर्षांचा निनाद खिडकीशी बसलेला होता आणि दशम्यांचा डबा बाकाखाली सरकवता सरकवता आजोबांनी पहिली ताकीद दिली होती, की हात गजांबाहेर जाता कामा नये. आजोबांच्या बहिणीकडे चाळीसगावला जायचे होते. निनादची आजवरची धाव झाशीपर्यंतची, तीही बसने.

रुळांलगतचे खांब सपासप मागे पडत होते. किल्ला मात्र कितीतरी वेळ जागचा हलला नाही.

“आजोबा, अजून किती राहिलं?” दतिया येण्याआधीच हे तीनदा विचारून झाले. तिसऱ्या वेळी आजोबा चष्मा पुसत म्हणाले, “मला काय विचारतोस? खांबांवर लिहिलंय.”

खरोखरच लिहिलेले होते. विजेच्या प्रत्येक खांबावर छोटी पाटी होती. वर मोठा आकडा, खाली लहान. लहान आकडा दर खांबाला बदले, मोठा मात्र बरेच खांब तसाच राही आणि मग एकाने कमी होई. तो कमी का होतो, हे निनादला झाशी गेल्यावर उमगले. “हे मुंबईपासूनचे किलोमीटर आहेत!” तो ओरडला, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईंनी दचकून चहा सांडला. “आणि आपलं चाळीसगाव?” “सव्वातीनशेच्या जरा वर,” आजोबांनी सांगितले आणि मनगटावरचे घड्याळ काढून त्याच्या हातात दिले.

एक आकडा बदलायला चाळीस सेकंद लागले. म्हणजे तासाला नव्वद. वहीचे मागचे पान भरत गेले. नर्मदेच्या पुलावर मात्र हिशेब राहिला, कारण खाली मावळतीचे तांबूस पाणी होते आणि आजोबांनी दिलेले नाणे गजांमधून नेमके टाकायचे होते.

इटारसीला सातशे पंचेचाळीसच्या आसपासचा आकडा होता. सव्वासहा वाजले होते. उरलेले चारशेवीस भागिले नव्वद: अकराला पाच मिनिटे कमी असताना चाळीसगाव. त्यानंतर काचेत खांब दिसेनासे झाले. दिसू लागला तो स्वतःचा चेहरा आणि त्याच्यामागे मान टाकून झोपलेले आजोबा.

पावणेअकराला त्याने त्यांना हलवले. “उठा, बूट घाला. आलंच.” आजोबांनी निमूटपणे बूट घातले, मफलर गुंडाळला, पिशवी मांडीवर घेतली. गाडी मंदावून एका झगझगीत फलाटाला लागली आणि पाटीवर भुसावळ होते.

“हरदा, खंडवा, बऱ्हाणपूर,” आजोबा बोटांवर मोजत म्हणाले, “गाडी उभी होती, तेव्हा तुझं घड्याळ कुठे थांबलं होतं?”

निनादचे कान तापले. मग त्याने फलाटाच्या उजेडातल्या खांबावरचा आकडा वाचला, ४४४, आणि वहीचे नवे पान उघडले. “आता कुठे कुठे थांबते, ते आधी सांगा.”

“जळगाव,” आजोबा बुटांची नाडी सोडत म्हणाले. “लिही.”