हातशिलाईची वही (ए५, ठिपक्यांची पाने): सध्या साठा संपला आहे

पुढचा साठा १८ नोव्हेंबरपर्यंत अपेक्षित आहे. कागद आला आहे, शिलाई सुरू आहे. पण पुठ्ठ्यावरचा गोंद दमट हवेत सावकाश वाळतो आणि घाईत दाबलेली वही नंतर वाकते. म्हणून दोन-चार दिवस पुढे-मागे होऊ शकतात. तारीख बदलली तर इथेच लिहू.

खालचे ‘आल्यावर कळवा’ बटण दाबून ईमेल किंवा मोबाइल नंबर द्या. वही विक्रीला आली की एकच संदेश येईल; जाहिराती नाहीत. नाव नोंदवले म्हणजे वही राखून ठेवली असे मात्र नाही, आणि आगाऊ पैसेही घेत नाही. निळे कापडी कव्हर आधी संपते, तेच हवे असेल तर रंग निवडूनच नोंदणी करा. रेघांची वही उपलब्ध आहे.